शौचातल्या रक्ताची टेस्ट एकदा पॉझिटिव्ह, पुन्हा केल्यावर निगेटिव्ह: आता कोलोनोस्कोपी लागते का?

प्रश्न: माझं वय ५७. मला कसलाच त्रास नाही. नेहमीच्या तपासणीत शौचातल्या रक्ताची ‘फिट’ टेस्ट पॉझिटिव्ह आली. आकडा ३८, आणि मर्यादा २० लिहिली आहे. मला जुनी मूळव्याध आहे, शिवाय ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू आहे. पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच टेस्ट केली तर निगेटिव्ह. आता कोलोनोस्कोपी करायलाच हवी का? आणि केली तर पुढे काय काय होतं?

उत्तर:

हो, कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीने मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी, करून घ्या. दुसरा रिपोर्ट फाईलला लावून ठेवा, पण निर्णय घेताना तो मोजू नका. पहिल्या रिपोर्टने जो प्रश्न उभा केला, त्याचं उत्तर दुसरी टेस्ट देऊ शकत नाही. असं का, ते नीट सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी वाया जातो.

फिटच्या किटमधली काडी आठवा. तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. ती शौचावर चार-पाच ठिकाणी फिरवली की खाचांमध्ये साधारण १० मिलिग्रॅम मळ अडकतो आणि नळीतल्या सुमारे २ मिलिलिटर द्रवात मिसळतो. लॅबमधलं मशीन त्या द्रवात माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन अँटिबॉडीच्या मदतीने मोजतं. तुमचा ३८ म्हणजे एका ग्रॅम मळात ३८ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन. दिवसाचा मळ १५० ग्रॅम धरला तर हे सगळं मिळून रक्ताच्या एका थेंबापेक्षाही कमी भरतं. वाटेत थोडं ग्लोबिन मोडतं, त्यामुळे प्रत्यक्ष रक्त याहून थोडं जास्त गेलेलं असू शकतं. तरी अंदाज यावा म्हणून हा हिशेब सांगितला. एवढंसं रक्त डोळ्यांना दिसणार नाही, अशक्तपणा आणणार नाही, पोटात दुखवणार नाही. तुम्हाला त्रास नाही हे खरंच आहे, पण या टेस्टच्या बाबतीत त्यावरून काहीच ठरत नाही. ही टेस्ट मुळात त्रास नसलेल्यांसाठीच आहे.

आता हे रक्त येतं कुठून ते पाहा. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर पॉलिप नावाची गाठ वाढते. काही पॉलिप देठावर लोंबतात, काही चपटे पसरतात. मळ सरकताना घासला की त्यांच्या पृष्ठभागावरून थोडं रक्त झिरपतं. ते रोज झिरपत नाही. आज झिरपलं, मग आठवडाभर काहीच नाही, असं चालतं. जे झिरपतं तेही मळात सारखं कालवलं जात नाही, एका बाजूला रेघेसारखं लागून राहतं. काडी त्या बाजूला लागली तर सापडलं, नाही लागली तर नाही. त्यात सॅम्पल उन्हात किंवा गरम जागी पडून राहिलं, लॅबमध्ये पोचायला उशीर झाला, तर हिमोग्लोबिन मोडतं आणि आकडा खाली येतो. म्हणजे रक्त असूनही निगेटिव्ह येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

पूर्वी गवायक नावाच्या रसायनाचा कागद वापरून ही तपासणी व्हायची. त्यात तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने कागदावरच्या छोट्या खिडक्यांत लावत, आणि अमेरिकेतल्या पद्धतीत त्यातली एक जरी खिडकी निळी झाली तरी टेस्ट पॉझिटिव्ह धरत. दोन खिडक्या कोऱ्या आहेत म्हणून तिसरी कोणी रद्द करत नसे. तुम्ही केलं ते नेमकं उलटं आहे: दोन नमुन्यांपैकी एकात रक्त सापडलं, आणि मन कोऱ्या नमुन्याकडे ओढ घेतंय.

थोडा हिशेब मांडू, म्हणजे पॉझिटिव्हचा अर्थही कळेल आणि त्या निगेटिव्हचाही. तुमच्या वयाच्या आसपासचे, काही त्रास नसलेले १००० लोक घ्या. त्यांच्यात ५ जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि ७५ जणांच्या आतड्यात धोक्याच्या पायरीला आलेला पॉलिप आहे असं धरू. धोक्याचा म्हणजे १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली ज्याच्या पेशी जास्त बिघडलेल्या दिसतात असा. २० ची मर्यादा ठेवून एकदा फिट केली की कॅन्सर असलेल्या चौघांपैकी साधारण तिघे सापडतात. धोक्याच्या पॉलिपचं मात्र तसं नाही, त्यातले चारातून एकच सापडतात. आणि यातलं काहीही नसलेल्यांपैकी शंभरात पाचेक जणही पॉझिटिव्ह येतात. म्हणजे आपल्या हजारांत ४ कॅन्सरवाले, १८-१९ धोक्याच्या पॉलिपवाले आणि ४६ इतर, असे ७० च्या आसपास लोक पॉझिटिव्ह निघतील.

या सत्तरांत तुम्ही उभे आहात. तुम्हाला कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात पाच-सहा, म्हणजे नसण्याची शक्यता खूपच मोठी. पण कॅन्सर किंवा काढून टाकायलाच हवा असा पॉलिप, दोन्ही मिळून पाहिलं तर ती जवळजवळ तिघांत एक होते. उरलेल्यांतही बऱ्याच जणांना लहान पॉलिप सापडतात. रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून जे लोक रात्रभर जागतात, त्यांना मी हेच आकडे कागदावर लिहून देतो. हे निदान नाही. आतडं आतून पाहायचं कारण मिळालं, इतकाच त्याचा अर्थ.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. ७५ पैकी ५६-५७ जणांच्या आतड्यात धोक्याचा पॉलिप असूनही त्यांची टेस्ट निगेटिव्ह आली. एका दिवसाच्या एका काडीची ताकद एवढीच आहे. म्हणून तर ही टेस्ट निगेटिव्ह आल्यावर दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा करायची असते: आज सुटलेला पॉलिप पुढच्या फेरीत कधीतरी सापडतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, त्यामुळे ही पद्धत चालते. पण एकदा पॉझिटिव्ह आल्यावर तीच टेस्ट ‘खात्री करायला’ वापरणं चूक आहे. जी टेस्ट धोक्याच्या चार पॉलिपांतले तीन सोडून देते, तिच्या निगेटिव्हवर पॉलिप नाही असं म्हणता येत नाही.

मर्यादेबद्दल एक खुलासा, कारण तुम्ही कुठेतरी वाचाल की अमुक देशात ३८ ला निगेटिव्ह म्हणतात. ते खरं आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ मध्ये फिट आली तेव्हा मर्यादा १२० होती, स्कॉटलंडने ८० ठेवली, नेदरलँड्सने ४७. हे आकडे शरीराने ठरवलेले नाहीत. एका वेळी किती कोलोनोस्कोपी करता येतील, हे पाहून त्या त्या कार्यक्रमाने ते निवडले आहेत. आकडा जितका मोठा तितकी काही सापडण्याची शक्यता जास्त, हे बरोबर. पण २० च्या मर्यादेवर ३८ म्हणजे ‘थोडक्यात पॉझिटिव्ह, म्हणजे जवळजवळ निगेटिव्ह’ असं होत नाही. वरचा हिशेब मी २० चाच मांडला आहे.

मूळव्याधीचा मुद्दा तुमच्या मनात सगळ्यात घट्ट बसला असणार, आणि तो साहजिक आहे. मूळव्याधीचं रक्त फिटमध्ये येऊ शकतं, विशेषतः सॅम्पल घेतलं त्या दिवशी रक्त पडत असेल तर. म्हणूनच मूळव्याधीतून रक्त दिसत असताना, किंवा पाळीच्या दिवसांत, सॅम्पल घेऊ नका असं आम्ही आधी सांगतो. पण पन्नाशीनंतर मूळव्याध इतक्या लोकांना असते, की ती सापडली म्हणजे रक्ताचं कारण सापडलं असं धरता येत नाही. मूळव्याध आणि पॉलिप एकाच माणसात सुखाने नांदतात. ॲस्पिरिनचंही तसंच. त्या गोळीमुळे जठरातून थोडं रक्त गेलं तरी त्यातलं ग्लोबिन लहान आतड्यातून येताना पचून जातं, त्यामुळे फिट जे पकडते ते बहुतेक मोठ्या आतड्यातलं असतं. आणि मोठ्या आतड्यात ॲस्पिरिनमुळे रक्त झिरपलं, तरी ते झिरपायला काहीतरी जागा लागते. गोळी घेणाऱ्या माणसाची पॉझिटिव्ह टेस्ट गोळी न घेणाऱ्याच्या टेस्टइतकीच गंभीरपणे घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे.

ही गोष्ट मी सुरुवातीच्या वर्षांत स्वतः चूक करून शिकलो. एक बाई आल्या होत्या, वय ५४, शौचातल्या रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह, बाकी ठणठणीत. तपासताना मूळव्याध दिसली. मी म्हणालो, आधी हिच्यावर उपचार करू, मग टेस्ट पुन्हा करून बघू. पुन्हा केलेली टेस्ट निगेटिव्ह आली आणि आम्ही दोघंही निश्चिंत झालो. अकरा महिन्यांनी त्या जिना चढताना धाप लागते म्हणून आल्या. हिमोग्लोबिन ९.१. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती आणि जवळच्या लिंफ ग्रंथींपर्यंत रोग पोचला होता. पहिल्याच वेळी कोलोनोस्कोपी केली असती तर नेमकी कोणती अवस्था सापडली असती, हे सांगता येत नाही. पण ते अकरा महिने माझ्या सल्ल्याने गेले. त्यानंतर पॉझिटिव्ह टेस्टला मूळव्याधीचं कारण मी कधीच चिकटवलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर ही इमर्जन्सी नाही, आणि टाळण्याजोगीही नाही. कॅलिफोर्नियात फिट पॉझिटिव्ह आलेल्या ७० हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची कोलोनोस्कोपी पहिल्या काही महिन्यांत झाली त्यांच्यात महिनाभर इकडेतिकडे झाल्याने फारसा फरक दिसला नाही. दहा महिन्यांच्या पुढे गेल्यावर मात्र कॅन्सरचं आणि पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं होतं. इटलीतल्या वेनेतो भागात, पॉझिटिव्ह येऊनही ज्यांनी कोलोनोस्कोपी केलीच नाही, त्यांच्यात आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कोलोनोस्कोपी केलेल्यांच्या सुमारे दुप्पट होते. मी माझ्या पेशंटना एक ते तीन महिन्यांतली तारीख घ्यायला सांगतो. मात्र मधल्या काळात शौचातून उघड रक्त गेलं, वजन उतरू लागलं, शौचाची सवय बदलली किंवा रक्ततपासणीत लोह कमी निघालं, तर तारखेची वाट पाहत बसू नका, लगेच दाखवा.

पुढे काय होतं ते एका पेशंटच्या उदाहरणाने सांगतो, कारण त्यांची गोष्ट तुमच्याशी मिळतीजुळती आहे. गृहस्थ ५९ वर्षांचे, फिट ३१, जुनी मूळव्याध, ॲस्पिरिन चालू, हिमोग्लोबिन १३.८, तक्रार कसलीच नाही.

पहिल्या भेटीत आम्ही औषधांची यादी काढली. ॲस्पिरिन चालूच ठेवली. बहुतेकांची ती बंद करावी लागत नाही, आणि हृदयासाठी चालू असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच थांबवायची नसते. रक्त पातळ करणारी दुसरी औषधं आणि डायबेटिसची औषधं यांचं वेळापत्रक मात्र ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. ते लोहाची गोळी घेत होते, ती आठवडाभर आधी बंद केली. लोहामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीवर लेप बसल्यासारखा राहतो. किडनी नीट आहे ना हे पाहिलं, कारण फॉस्फेट असलेली जुलाबाची औषधं किडनी कमजोर असणाऱ्यांना चालत नाहीत. त्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली.

आतडं साफ करण्याचा भाग लोकांना सगळ्यात नकोसा वाटतो, आणि तपासणीचं यश निम्मंअधिक त्यावरच असतं. दोन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा असलेलं खाणं बंद. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग फक्त पातळ पेयं. औषध दोन भागांत घ्यायचं: निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे. यांची वेळ सकाळी ११ ची होती, म्हणून दुसरा भाग ५ ला सुरू करून ७ पर्यंत संपवायला सांगितला. बरेच जण झोपमोड नको म्हणून सगळं औषध आदल्या रात्रीच संपवतात. मग रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चोथा खाली उतरतो आणि उजव्या भागावर पिवळा थर जमतो. चपटे पॉलिप नेमके त्या थराखाली लपतात. साफ झालं हे ओळखायची खूण सोपी आहे: शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी आलं पाहिजे. गढूळ तपकिरी पाणी येत असेल तर निघण्याआधीच फोन करून सांगा. अर्धवट साफ आतड्याची तपासणी करून घेण्यात अर्थ नसतो.

तपासणीच्या वेळी शिरेतून गुंगीचं औषध दिलं. पुष्कळांना नंतर काही आठवत नाही. बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी गुदद्वारातून मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे अपेंडिक्सचं तोंड दिसतं तिथपर्यंत नेतात. खरी तपासणी नळी परत बाहेर घेताना होते, सावकाश, प्रत्येक घडीच्या मागे डोकावत. काही सापडलं नाही तरी या परतीला किमान सहा मिनिटं द्यावीत असा जुना दंडक आहे. अलीकडे अमेरिकेत ती आठ करावीत असं सुचवलं आहे. सापडलं तर वेळ वाढतोच.

या गृहस्थांच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड नावाच्या वळणावर, देठावर लोंबणारा १४ मिलिमीटरचा पॉलिप होता. तिथपर्यंत येता येता मळ घट्ट झालेला असतो आणि लोंबता पॉलिप घासला जातो, त्यामुळे रक्त बहुधा त्याचंच. तारेचा फास देठावर आवळून, विजेच्या प्रवाहाने तो कापला आणि बाहेर काढला. शिवाय उजव्या बाजूला ६ मिलिमीटरचा चपटा, फिकट पॉलिप सापडला, तो नुसत्या तारेनेच कापला. या दुसऱ्या जातीचे पॉलिप सहसा रक्त गाळत नाहीत, त्यामुळे फिटच्या हातून ते बहुतेक निसटतात. तोही निघाला तो पहिल्याच्या निमित्ताने. मूळव्याध होतीच, शांत, आपल्या जागी.

कापताना दुखत नाही, अस्तराला तशी जाणीव नसते. धोका मात्र आहे आणि तो सही करण्याआधी समजून घ्यायला हवा. पॉझिटिव्ह स्टूल टेस्टनंतर केलेल्या १०,००० कोलोनोस्कोपींमध्ये साधारण १७-१८ जणांना मोठा रक्तस्राव होतो आणि ५-६ जणांच्या आतड्याला भोक पडतं. रक्तस्राव कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनीही होतो. म्हणून पॉलिप काढल्यावर ताजं रक्त जास्त गेलं, पोटात वाढत जाणारी कळ आली किंवा ताप आला, तर लगेच जायचं. नुसता वायू आणि पोट फुगल्यासारखं वाटणं काही तासांत जातं. गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवं.

आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. मोठा पॉलिप ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारा पण अजून कॅन्सर नसलेला. देठाची कापलेली कड मोकळी. लहान पॉलिपमध्येही पेशींचा वाईट बदल नव्हता. १० मिलिमीटरच्या वरचा ॲडेनोमा निघाल्याने त्यांना तीन वर्षांनी पुन्हा कोलोनोस्कोपी सांगितली. एक-दोनच लहान ॲडेनोमा असते तर ही तारीख सात ते दहा वर्षांवर गेली असती. युरोपात तर अशांना पुन्हा नेहमीच्या स्क्रीनिंगच्या रांगेत पाठवतात. वीस मिलिमीटरच्या वरचा पॉलिप तुकड्यातुकड्याने काढावा लागला असता, तर सहा महिन्यांतच ती जागा पाहावी लागली असती.

तुमच्या बाबतीत काहीच सापडलं नाही तर? तसं होऊ शकतं, आणि त्याचा अर्थ टेस्ट खोटी होती किंवा कोलोनोस्कोपी वाया गेली असा नाही. रक्त एखाद्या किरकोळ जागेतून आलं असेल. आतडं नीट साफ होतं, नळी टोकापर्यंत गेली होती आणि परत येताना पुरेसा वेळ दिला होता, तर साधारण दहा वर्षं स्क्रीनिंगची गरज नाही. या काळात दरवर्षी ‘सहज’ फिट करू नका. पुढच्याच वर्षी पुन्हा पॉझिटिव्ह येऊन अकारण दुसरी कोलोनोस्कोपी झालेले लोक मी पाहिले आहेत. हिमोग्लोबिन आणि लोह ठीक असेल, पोटाच्या वरच्या भागाची तक्रार नसेल, तर त्याच जोडीला जठराची एंडोस्कोपी करण्याचंही कारण नाही. लोहाची कमतरता असेल तर मात्र वरूनही पाहावं लागतं.

आणि कॅन्सर निघाला तर, ज्या शंभरांतल्या पाच-सहांबद्दल मी वर लिहिलं त्यांत तुम्ही असलात तर, एक गोष्ट तुमच्या बाजूची असते: त्रास नसताना टेस्टमधून सापडलेले कॅन्सर त्रास सुरू झाल्यावर सापडलेल्यांपेक्षा बऱ्याचदा लवकरच्या अवस्थेत असतात. बायोप्सी, छाती-पोटाचा सीटी स्कॅन, रक्तातली सीईए नावाची तपासणी, आणि मग बहुतेक वेळा तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. काही वेळा कॅन्सर पॉलिपच्या डोक्यातच असतो, आणि कड मोकळी व बाकी लक्षणं सौम्य असतील तर पॉलिप काढण्यातच उपचार संपतो.

कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला की घरी निघण्याआधी तो स्वतः वाचा. नळी टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोचल्याचं त्यात लिहिलेलं हवं, शक्यतो फोटोसह. आतडं किती साफ होतं याचा बोस्टन स्कोअर असतो. उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना ० ते ३ गुण देतात, आणि प्रत्येक भागाला किमान २ हवेत. वर सांगितलेल्या गृहस्थांना २, ३, ३ असे मिळून ८ होते. एखाद्या भागाला १ असेल, तर बाकी सगळं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरी तो भाग पाहिला गेला नाही असं समजा आणि तपासणी पुन्हा कधी करायची ते तिथेच विचारा. नळी टोकापर्यंत गेलीच नाही तर पुन्हा प्रयत्न करतात, किंवा उरलेल्या भागासाठी सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने आतडं पाहण्याची तपासणी, करतात. आणि काढलेल्या प्रत्येक पॉलिपचं माप, जागा आणि पॅथॉलॉजी लिहून मागून घ्या. पुढची तारीख त्यावरूनच ठरते, आणि तीन वर्षांनी तुमच्यासमोर बसलेला डॉक्टर कदाचित वेगळा असेल.

सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही कळवावं लागेल का, हे तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर विचारा. धोक्याच्या पायरीचा ॲडेनोमा किंवा कॅन्सर निघाला, तर त्यांची तपासणी चाळिशीपासून किंवा तुमचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हा, सुरू करायचा सल्ला देतात.